सहा हजार सगळ्यांचेच, मग हिला १८९ रुपये कमी का?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की सोलापूरच्या पूर्वभागात भिश्या फुटायला लागतात. फुटणं म्हणजे बुडणं नव्हे. वर्षभर साठवलेला पैसा व्याजासकट मोजून सभासदांत वाटून टाकायचा, याला इथे ‘भिशी फुटली’ म्हणतात. त्या आठवड्यात साडीच्या दुकानांपेक्षा जास्त गर्दी अशा घरांच्या ओट्यांवर असते.

मी तीन-चार भिश्यांच्या वह्या तपासून देते. विडी घरकुलातल्या एका भिशीत यंदा वाटपाच्या दिवशी गप्पा एकदम थांबल्या. विड्यांचं सूप आणि कात्री बाजूला सरकवून मधोमध वही उघडली होती. लिहायचं मराठीत आणि नोटा मोजायच्या तेलुगूत, असा तिथला रिवाज. नऊ जणींच्या नावे प्रत्येकी ६,७०२ रुपये निघाले आणि रेणुकाच्या नावे ६,५१३. तिने नोटा मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, “अक्का, मीपण सहा हजारच भरले की. मला १८९ कमी का?”

वही लिहिणारी म्हणाली, “हिशोबच तसा आला.” हिशोब बरोबरच होता, पण हे काही उत्तर झालं नाही. हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ओट्यावर निघतो, म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते. नावं बदलली आहेत आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे घासून घेतले आहेत.

## कुठल्या भिशीबद्दल बोलतोय

दर महिन्याला एकीच्या नावाची चिठ्ठी निघते किंवा लिलाव होतो, ती भिशी वेगळी. इथली पद्धत अशी: दहा बायका, दर महिन्याच्या १० तारखेला प्रत्येकी ५०० रुपये. जमलेला पैसा त्यांच्यापैकीच गरजवंताला शेकडा दोनने द्यायचा. शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये व्याज. पहिला हप्ता गेल्या ऑक्टोबरात, बारावा सप्टेंबरात, आणि यंदाच्या १० ऑक्टोबरला वाटप.

## व्याज येतं कुठून?

वर्षाच्या शेवटी वहीत उत्पन्न असं दिसलं: कर्जावरचं व्याज ६,७६०, उशिरा हप्ता भरणाऱ्यांचा दंड १३०, बँकेच्या बचत खात्यावरचं व्याज ४१. एकूण ६,९३१. त्यातून वह्या, पेन आणि बँकेत जायच्या रिक्षाचे १०० रुपये वजा केले, की वाटायला राहिले ६,८३१.

हा आकडा ऐकला की ओटा खूश होतो, ‘भिशीला नफा झाला’ म्हणून. पण नीट बघा, यातले बाहेरून आलेले फक्त ४१ रुपये आहेत. बाकीचे सगळे या दहा जणींनीच भरलेले आहेत. कर्ज घेणारीच्या कनवटीतून निघाले आणि वाटपाच्या दिवशी सगळ्यांच्या हातात गेले.

पद्माने ६,००० घेतले आणि सहा महिन्यांत फेडले. तिने व्याज भरलं ४२०, तिला वाटा मिळाला ७०२. म्हणजे तिच्या पदरात २८२ पडले. सुनंदाने वर्षभर एक रुपया उचलला नाही, तिला ७०२ आयते मिळाले. एकीने एप्रिलात घरातल्या आजारपणासाठी १५,००० उचलले आणि सहा हप्त्यांत १,०५० व्याज भरलं. तिला ७०२ परत मिळूनही तिच्या खिशातून ३४८ गेलेच. अर्थात हेच पैसे तिने बाहेर शेकडा पाचने उचलले असते तर २,६२५ गेले असते, म्हणून तिची तक्रार नाही.

हे ध्यानात आलं की वाटपाचा नियम एवढा महत्त्वाचा का, तेही कळतं. पैसा घरातल्या घरातच फिरतोय. एकीला दहा रुपये जास्त गेले तर ते दुसरीचेच कमी झालेले असतात.

## खुर्च्या भाड्याने दिल्यासारखं

आता रेणुकाकडे येऊ. मंडपवाला खुर्च्यांचं भाडं कसं लावतो? किती खुर्च्या नेल्या आणि किती दिवस ठेवल्या, यावर. शंभर खुर्च्या एक दिवस आणि दहा खुर्च्या दहा दिवस, भाडं सारखंच. भिशीतला रुपयाही तसाच भाड्याने जातो. म्हणून तो किती आणि किती महिने भिशीत होता, दोन्ही मोजावं लागतं. याला आपण ‘रुपये-महिने’ म्हणू.

सुनंदाचा ऑक्टोबरातला ५०० चा हप्ता वाटपापर्यंत बारा महिने राबला, नोव्हेंबरातला अकरा, आणि सप्टेंबरातला एकच. बारा, अकरा, दहा असं करत एकपर्यंत बेरीज केली की ७८ येतात. ५०० गुणिले ७८ म्हणजे ३९,००० रुपये-महिने. पहिल्यापासून असलेल्या नऊ जणींचा आकडा हाच.

रेणुका आली एप्रिलात, म्हणजे सातव्या हप्त्याला. तोवरचे सात हप्ते तिने एकदम भरले, ३,५००. ते सहा महिने राबले: २१,०००. पुढचे पाच हप्ते पाच, चार, तीन, दोन, एक महिने राबले, म्हणजे ५०० गुणिले १५: ७,५००. तिचे एकूण २८,५०० रुपये-महिने.

दहाही जणींचे मिळून झाले ३,७९,५००. वाटायचे ६,८३१ रुपये याने भागले की दर हजार रुपये-महिन्यांना १८ रुपये येतात. सुनंदाचे ३९ हजार, म्हणून ७०२. रेणुकाचे साडेअठ्ठावीस हजार, म्हणून ५१३. फरक १८९. कुणी तिचे पैसे कापले नाहीत, तिच्या रुपयांनी काम कमी केलं. (तुमच्या वहीत भागाकार इतका गुळगुळीत येणार नाही. रुपयाखालचे पैसे सोडून द्या आणि उरलेले चार-पाच रुपये नव्या वर्षाच्या वहीत पहिल्या ओळीला जमा करा. त्या चार रुपयांवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.)

जाता जाता, ‘सहा हजारावर ७०२ म्हणजे पावणेबारा टक्के सुटले’ हा हिशोबही याचमुळे चुकतो. सुनंदाचे सहा हजार वर्षभर भिशीत नव्हतेच, हळूहळू साठत गेले. बाराही महिन्यांची सरासरी काढली तर तिचे ३,२५० रुपयेच राबत होते. त्यावर ७०२, म्हणजे वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या थोडं वर. बँकेच्या ठेवीशी तुलना करायची तर हा आकडा धरायचा.

## “पण तिने मागचे हप्ते एकदम भरले की!”

हा आक्षेप येतोच, आणि तो चांगल्या मनाने येतो. मागचे सहा हप्ते थकलेले असल्यासारखे एकरकमी भरले, आता ती आपल्यासारखीच, असं बायका म्हणतात. समान वाटा द्यायचा ठरवला असता तर प्रत्येकीला ६८३ आले असते. रेणुकाला १७० जास्त, आणि बाकी नऊ जणींना जेमतेम १९ रुपये कमी. एवढ्यासाठी कशाला हिशोब?

ठीक आहे, यंदा सोडून द्या. पण पुढच्या वर्षी एखादी ऑगस्टात आली आणि अकरा हप्ते एकदम भरून सगळ्यांएवढा वाटा घेऊन गेली तर? तिचे ५,५०० दोन महिने राबलेले असतील. रुपये-महिन्यांनी तिला दोनशेच्या आसपास मिळायला हवेत, समान वाट्याने त्याच्या तिपटीहून जास्त मिळतील. मग शहाणी बाई ऑक्टोबरात कशाला येईल? पैसा वर्षभर दुसरीकडे ठेवेल आणि ऑगस्टात इथे आणेल. ज्या महिन्यांत गरजवंतांना पैसा लागतो, नेमका तेव्हाच डबा रिकामा राहील.

सगळ्या पहिल्या महिन्यापासून असतील आणि हप्ते सारखेच असतील, तर मात्र समान वाटा आणि रुपये-महिने दोन्हीकडून एकच उत्तर येतं. तेव्हा एवढी गुंतागुंत करायची गरज नाही.

## शेकडा दोन, पण कशावर?

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसा नकळत इथेच इकडचा तिकडे होतो. पद्माचं ६,००० चं कर्ज घ्या. दर महिन्याला १,००० मुद्दल आणि जे बाकी आहे त्यावर व्याज. पहिल्या महिन्यात ६,००० वर १२०, दुसऱ्यात ५,००० वर १००, मग ८०, ६०, ४०, २०. एकूण ४२०. ही उतरत्या बाकीची पद्धत.

काही भिश्यांत सरळ ‘महिन्याला १२०, सहा महिने’ असं लावतात. होतात ७२०. लिहायला सोपं, म्हणून चालतं. पण शेवटच्या महिन्यात पद्माकडे भिशीचे फक्त १,००० आहेत आणि ती व्याज सहा हजारांचं भरतेय. हिशोब मांडला तर तिला खरा दर शेकडा सव्वातीनच्या वर पडतो. तोंडाने म्हणायचं दोन आणि घ्यायचे सव्वातीन, हे मला तरी पटत नाही. जास्त घ्यायचं ठरलं असेल तर तसा दर उघड लावावा.

## वाटपाच्या दिवशी डब्यात किती हवेत?

वाटा ठरवणं हा अर्धा हिशोब झाला. तेवढे पैसे प्रत्यक्षात आहेत का, हा दुसरा अर्धा. आणि भिशीतलं बहुतेक वाईट याच दिवशी उघडं पडतं.

या भिशीत एक कर्ज बाकी होतं. ललिताने जूनमध्ये मुलाच्या प्रवेशासाठी ८,००० घेतले. जुलै आणि ऑगस्टात दोन-दोन हजार व्याजासह फेडले. मग घरातल्याचा लूमवरचा खाडा पडला आणि पुढचे दोन महिने काहीच आलं नाही. बाकी मुद्दल ४,०००, आणि दोन महिन्यांचं व्याज १६०.

म्हणजे वर सांगितलेल्या ६,७६० व्याजात हाती आलेले ६,६००च होते. १६० यायचे होते. आता रोकड मोजा:

- बचत: ६०,०००
- हाती आलेलं व्याज: ६,६००
- दंड आणि बँकेचं व्याज: १७१
- वजा खर्च: १००
- वजा ललिताकडचं मुद्दल: ४,०००
- असायला हवेत: ६२,६७१

दुसऱ्या बाजूने यायचं. सगळ्यांना मिळून द्यायचे आहेत बचतीचे ६०,००० आणि वाट्याचे ६,८३१, म्हणजे ६६,८३१. ललिताच्या वाट्यातून तिचे ४,१६० वळते करून घ्यायचे. उरले ६२,६७१. दोन्ही वाटांनी आकडा एकच आला, आणि आदल्या दिवशी बँकेतून काढून आणलेली रोकडही तेवढीच भरली. तेव्हाच वही बरोबर आहे असं म्हणायचं. ललिताला ६,७०२ पैकी २,५४२ हातात दिले आणि कर्जाच्या पानावर तिच्यासमोर ‘पूर्ण फेड’ लिहून तिची सही घेतली.

‘वाटपाच्या दिवशी तरी बिचारीचे कापू नका’ म्हणून पूर्ण वाटा दिला असता, तर नोटा संपल्या असत्या आणि शेवटी बसलेल्या बाईला ४,१६० कमी पडले असते. दया करायची असेल तर नव्या वर्षी तिला पहिलं कर्ज द्या.

बाकी कर्ज वाट्यापेक्षा मोठं असेल तर वळतं करूनही खड्डा उरतो. आधी जामीन राहिलेलीला विचारायचं. ती भरत नसेल तर तेवढी रक्कम वाटपातून बाजूला ठेवून, येईल तेव्हा त्याच रुपये-महिन्यांच्या प्रमाणात वाटायची. अजून न आलेला पैसा आल्यासारखा धरून मात्र वाटायला बसू नका.

## आकडा जुळला नाही तर

कमी भरलं की सगळ्यांची नजर पहिल्यांदा पेटी सांभाळणारीकडे जाते. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा चोरी नसते, चुकीच्या रकान्यात पडलेला आकडा असतो. पद्मा पहिल्या महिन्यात १,१२० देते, त्यातले १,००० मुद्दल आणि १२० व्याज. घाईत पूर्ण १,१२० व्याजाच्या रकान्यात गेले की उत्पन्न हजाराने फुगतं, आणि पद्माच्या पानावर कर्ज हजाराने जास्त दिसतं. तेवढी रक्कम वाटायला घेतली की शेवटी नोटा पुरत नाहीत.

हे पकडायला एक सोपी युक्ती आपल्या हातात आहे. एकूण रुपये-महिने होते ३,७९,५००. सगळा पैसा एकही दिवस पडून न राहता शेकडा दोनने गेला असता, तर व्याज झालं असतं ७,५९०. आलेलं व्याज पुन्हा कर्जाने दिलं असं धरलं तरी ते सव्वाआठ हजारांच्या आतच राहतं. वहीत व्याज नऊ-दहा हजार दिसलं तर आनंद करू नका, मुद्दलाचा रकाना तपासा. उलट चार हजारच दिसलं तर पैसा बँकेत झोपून होता, किंवा कुणाचं तरी व्याज लिहायचं राहिलंय.

दुसरी गोष्ट जास्त अवघड, कारण तिथे रोकड जुळते. ‘नवं-जुनं’. एका बाईकडे ५,००० थकलेत. १० तारखेला ती ५,००० फेडल्याचं लिहिते आणि त्याच बैठकीत तेवढंच नवं कर्ज घेतल्याचं लिहिते. एक नोटही हलत नाही. वहीत मात्र फेड नियमित, कर्ज ताजं. ओळखायचं कसं? एकाच तारखेला एकाच नावावर सारखी रक्कम जमाही आणि नावेही दिसते. तसं दिसलं की ते कर्ज जुन्या तारखेपासून थकलेलं आहे असं समजायचं. वर्षाच्या मध्यात हे चालवून घेता येतं, पण सप्टेंबरातलं नवं-जुनं ऑक्टोबरच्या वाटपात अंगावर येतं.

## बँकेला जोडलेल्या गटाने असं सगळं वाटावं का?

नाही. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँक गटाला कर्ज देताना साठलेला निधी आणि वही बघते. दरवर्षी सगळी पुंजी वाटून शून्यावर आलात तर बँकेसमोर दाखवायला काही उरत नाही. असे गट वर्षाला फक्त व्याजाचा काही भाग वाटतात, बचत तशीच ठेवतात. वाटायचा भाग ठरला की पुढचं गणित वरचंच.

आणि जास्त व्याज मिळतं म्हणून गल्लीतल्या बाहेरच्या माणसाला कर्ज द्यायचा मोह आवरा. सभासदांपलीकडे व्याजाने पैसे देणं म्हणजे सावकारी. त्याला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली परवाना लागतो, आणि तुमच्या वहीत तो नाही.

## रेणुकाचा दुसरा प्रश्न

१८९ चा हिशोब तिला पाटीवर करून दाखवला. खुर्च्यांचं उदाहरण तिला लगेच पटलं, तिचा भाऊ मंडपाच्या कामावर जातो. मग ती म्हणाली, “ते झालं. पण सुनंदाअक्काने कर्ज घेतलंच नाही, तरी तिला ७०२. जिने १५,००० घेऊन १,०५० व्याज भरलं तिलाही ७०२. हे व्याज आलं तर हिच्यामुळेच ना?”

ओट्यावर पुन्हा शांतता. हा प्रश्न पहिल्यापेक्षा खोल आहे आणि गणित त्याचं उत्तर देत नाही. काही भिश्या भरलेल्या व्याजातला थोडा भाग कर्ज घेणारीला परत देतात आणि उरलेला बचतीवर वाटतात. काही देत नाहीत, कारण मग गरज नसताना कर्ज काढलं जातं. दोन्हीत चूक काही नाही. फक्त ते वर्षाच्या सुरुवातीला ठरलेलं हवं, नोटा मोजून झाल्यावर नाही.

त्या दिवशी यंदाचं वाटप बदललं नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या: वाटप रुपये-महिन्यांवर. व्याज उतरत्या बाकीवर. भरलेल्या व्याजातले शंभराला दहा कर्ज घेणारीला परत. खाली दहा सह्या झाल्या, दोन अंगठे धरून. रेणुकाने तिथेच ६,५१३ मधून ५०० काढून नव्या वर्षाचा पहिला हप्ता भरला आणि पावतीवर तारीख नीट लिहिलीय ना, हे दोनदा बघितलं.